तुम्ही विचारलंत म्हणून: एफआरएम की सीएफए?

"ताई, ट्रेडिंग किंवा रिस्कमध्ये जायचंय. एफआरएम करू की सीएफए? नोकरी कशाने लागेल?"

कशानेच लागत नाही, हे माझं पहिलं उत्तर. ते ऐकलं की समोरचा म्हणतो, "पण तुम्ही तर एफआरएम केलंय!" केलंय. रिस्क मॅनेजमेंटच्या या परीक्षेचे दोन्ही भाग केलेत, तेही गोरेगावच्या एका बॅक ऑफिसात दिवसभर रीकन्सिलिएशन करून आणि डोंबिवलीला परतल्यावर रात्री बसून. म्हणूनच जरा सविस्तर लिहिते.

सीएफएचं आधी संपवते. तीन लेव्हल, त्यात ताळेबंद, इक्विटी, बाँड, पोर्टफोलिओ सगळं येतं. रिसर्च किंवा फंड मॅनेजमेंटकडे ओढ असेल तर तीच वाट. ट्रेडिंग डेस्कचं म्हणाल, तर ब्रोकरकडे इक्विटी डेरिव्हेटिव्ह्जच्या टर्मिनलवर बसायला एनआयएसएमची सिरीज ८ परीक्षा लागते. तीन वर्षांनी ती पुन्हा ताजी करावी लागते. पण तो परवाना आहे, गाडी चालवता येण्याचा पुरावा नव्हे. मोठ्या बँकांची डेस्कं बरीचशी कॅम्पसवरून भरतात, आणि स्वतःच्या पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या कंपन्या प्रॉबॅबिलिटी आणि कोडिंगची परीक्षा घेतात. तिथे माझ्यासारख्या बी.कॉम.वालीचं प्रमाणपत्र कुणी उलटून बघत नाही. हे कडू लागतं. मलाही लागलं होतं.

राहिली रिस्क. इथे एफआरएमला किंमत आहे. निदान सीव्ही चाळणीतून खाली पडत नाही. मला बीकेसीतून मुलाखतीचा फोन आला तो त्याच तीन अक्षरांमुळे, असं मी आजही मानते. पुढचं मात्र ऐका.

मुलाखत घेणारे गृहस्थ आडनाव वाचून मराठीतच बोलायला लागले. पहिली वीस मिनिटं मी हवेत होते. व्हॅर म्हणजे काय, बॅकटेस्टिंग कसं करतात, वर्षात किती दिवस तोटा व्हॅरच्या वर गेला की बँकांसाठीच्या बासेल नियमांच्या पिवळ्या पट्ट्यात जातो, सगळं घडाघडा. मग त्यांनी एका जुन्या प्रिंटआउटची कोरी बाजू पुढे केली आणि पेन्सिलीने लिहिलं: इंडेक्स २०,०००. आठवड्याने संपणारा २०,०००चा कॉल विकला, २०० पॉइंटला. त्याच स्ट्राइकचा पुटही विकला, २०० ला. दोन्ही दहा-दहा हजार युनिट. खाली लिहिलं: एका दिवसाचा ९९ टक्के व्हॅर, ४० हजार रुपये. म्हणजे शंभरातले नव्व्याण्णव दिवस तोटा याच्या आत राहावा. मर्यादा ५ लाख.

"रिपोर्ट तुमच्या टेबलावर आलाय. सही कराल?"

मी म्हटलं, करेन. डेल्टा म्हणजे इंडेक्स एक पॉइंट हलला की ऑप्शनची किंमत किती हलते. कॉलचा डेल्टा अर्धा, पुटचा उणे अर्धा, दोन्ही विकलेले, म्हणजे बेरीज जवळजवळ शून्य. पोझिशन डेल्टा न्यूट्रल आहे आणि व्हॅर मर्यादेच्या कितीतरी आत.

"उद्या बाजार ४०० पॉइंट वर उघडला तर?"

"कॉलमध्ये जाईल तेवढं पुटमध्ये परत येईल, सर."

ते काही बोलले नाहीत. पेन्सिल माझ्याकडे सरकवली. मी आकडेमोड सुरू केली, बॅगेतला बीए टू प्लस कॅल्क्युलेटरही काढला. काय दाबायचं तेच कळेना, कारण तिथे दाबायचं काही नव्हतंच. शेवटी त्यांनीच लिहिलं. ४०० पॉइंट वर गेल्यावर कॉल २०० वरून ४६० च्या आसपास जातो. पुट २०० वरून ६० वर येतो. गेले २६०, आले १४०. फरक १२० पॉइंट, गुणिले दहा हजार, म्हणजे १२ लाख. व्हॅर सांगत होता ४० हजार.

"आणि ४०० खाली गेला तर?" तेव्हा दिसलं. तोही १२ लाखच. दोन्हीकडे तोटा.

कारण डेल्टा जागेवर थांबत नाही. बाजार वर गेला तसा कॉलचा डेल्टा अर्ध्यावरून ०.८ कडे सरकला, पुटचा उणे ०.२ वर आला, आणि शून्य असलेली पोझिशन उणे ०.६ झाली. वर जाणाऱ्या बाजारात तुम्ही नकळत विकून बसलात. हाच गॅमा. २०० पॉइंटला तोटा साधारण ३ लाख, दुप्पट हालचालीला चौपट. रिपोर्टमधला व्हॅर फक्त डेल्टा धरून काढला होता, आणि डेल्टा जवळजवळ शून्य म्हणजे धोकाही जवळजवळ शून्य, असं ते गणित समजतं. शिवाय हे सगळं प्रीमियममधली व्होलॅटिलिटी तशीच राहिली असं धरून. पडत्या बाजारात ती चढते, म्हणून खालच्या बाजूचे १२ लाख हा आकडाही कमीच.

आता शरमेची गोष्ट. हे मला येत होतं! ही डेल्टा-नॉर्मल पद्धत ऑप्शनला चालत नाही, हे एफआरएमच्या पहिल्याच भागात आहे. त्यावरचे प्रश्न मी सोडवले होते आणि बरोबर सोडवले होते. पण पेपरात प्रश्नच सांगतो, "डेल्टा-नॉर्मल पद्धतीने काढलेला व्हॅर..." शंभर प्रश्न, चार तास, आणि कुठला धडा आठवायचा ते प्रश्नातच लिहिलेलं. टेबलावर आलेल्या रिपोर्टवर ते कुणी लिहून देत नाही. तिथे फक्त ४० हजार असतात आणि सहीची जागा.

ती नोकरी गेली. मग मी एक्सेलमध्ये तेच स्ट्रॅडल, म्हणजे एकाच स्ट्राइकचे कॉल आणि पुट, मांडलं, D रकान्यात ब्लॅक-शोल्सचा d1, कॉलच्या डेल्टाला `=NORM.S.DIST(D2,TRUE)`, आणि इंडेक्स शंभर-शंभर पॉइंटांनी हलवत प्रत्येक ओळीत दोन तोटे लिहिले: डेल्टावरून काढलेला आणि किंमत नव्याने काढून आलेला. पुढच्या मुलाखतीला गेले तेव्हा ती शीट दाखवली. नोकरी लागली. शीटमुळे की एफआरएममुळे? शीट दाखवायला आत कुणी घेतलं असतं का, हा प्रश्न उरतोच. दोन-तीन वर्षांपूर्वी एका कॉलेजात मी ठणकावून सांगितलं होतं, "एफआरएम करा, बाकी काही बघू नका." आज तसं म्हणवत नाही. पण परीक्षा फुकट आहे म्हणणाऱ्यांशीही भांडते, कारण स्ट्रॅडल विकणं म्हणजे काय हे मला त्या अभ्यासाशिवाय कुणीच शिकवलं नसतं.

म्हणून आता विचारणाऱ्याला ती शीट कोरी पाठवते: आधी ही भर, मग फीचं बघू. बहुतेकांचं उत्तर येत नाही. मावशीच्या मुलाचं गेल्या आठवड्यात आलं. वरच्या सगळ्या ओळी बरोबर होत्या. खालच्या बाजूला मात्र ४०० पॉइंटला नफा दाखवला होता. त्या ओळींत विकलेल्या पुटचं चिन्ह चुकलं होतं. मी लिहिलं, "पुट विकलाय, घेतलेला नाही. परत बघ."

दोन मिनिटांत उत्तर: "बघतो ताई. म्हणजे एफआरएमच करू ना?"