‘प्रत्येकी’ या शब्दाने शिकवलेलं काम : आमची वाटचाल

ठाण्यात नौपाड्यातल्या एका खोलीत आम्ही सुरुवात केली तेव्हा भाषांतराची पडतील ती कामं घ्यायचो. करारनामे, जन्मदाखले, सोसायट्यांच्या नोटिसा. निविदांच्या कामाकडे आम्हाला वळवलं ते कळव्याच्या एका छोट्या कंत्राटदाराने. गटारं, पायवाटा, संरक्षक भिंती ही त्यांची कामं. हाताखाली आठ-दहा माणसं, आणि निविदा भरायची की नाही ते ठरवायला हातात चार-पाच दिवस. वर्तमानपत्रातली निविदा सूचना मराठीत असते, पण पात्रतेच्या खऱ्या अटी आतल्या दस्तऐवजात आणि बहुतेक वेळा इंग्रजीत असतात. “ताई, मला सगळं नको,” ते म्हणाले. “मी बसतो की नाही, एवढंच सांगा.”

तेव्हा मला वाटलं, चार पानांचं भाषांतर तर आहे. २०१६ साली त्या चार पानांत मी जी चूक केली, तिच्यामुळेच आमचं आजचं काम उभं राहिलं. म्हणून ती सविस्तर सांगते.

अट अशी होती, की बोली लावणाऱ्याने मागच्या सात वर्षांत समान स्वरूपाची तीन कामं पूर्ण केलेली असावीत आणि प्रत्येक कामाची किंमत अंदाजपत्रकीय रकमेच्या ४० टक्क्यांपेक्षा कमी नसावी. इंग्रजी वाक्यात ‘ईच’ हा एवढासा शब्द होता. मी लिहिलं, “समान स्वरूपाची तीन पूर्ण कामे, किंमत ४० टक्क्यांपेक्षा कमी नसावी.” मराठी वाक्य म्हणून कुणाला खटकलं नसतं. पण ते वाचणाऱ्याने तीन कामांची बेरीज केली. बेरीज चांगली ४८ टक्के आली, म्हणून त्यांनी कोऱ्या निविदेचे पैसे भरले, बयाणा रक्कम भरली आणि सनदी लेखापालाकडून प्रमाणपत्रं करून घेतली. पात्रतेच्या कागदपत्रांचा तांत्रिक लिफाफा उघडला तेव्हा ते अपात्र ठरले. बयाणा उशिरा का होईना परत आला. कोऱ्या निविदेचे पैसे आणि लेखापालाची फी मात्र गेली, ती आम्ही भरून दिली. त्यांनी मला एक शब्दही वाईट बोलून दाखवला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून ‘प्रत्येकी’ हा शब्द मी आकड्याला चिकटवून लिहिते आणि पुढे रुपये मांडते. टक्के वाचून माणूस अंदाज करतो. “प्रत्येकी किमान ३२ लाख” वाचल्यावर तो आपल्या बिलांची फाइल काढतो.

पात्रतेच्या या अटी कुठून येतात ते कळायला आम्हाला वेळ लागला. केंद्रीय दक्षता आयोगाच्या १७ डिसेंबर २००२ च्या पत्रात बांधकामांसाठी एक साचा सुचवलेला आहे. मागच्या तीन आर्थिक वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजपत्रकीय रकमेच्या किमान ३० टक्के असावी. शिवाय सात वर्षांत प्रत्येकी ४० टक्क्यांची तीन, किंवा प्रत्येकी ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक समान काम पूर्ण केलेलं असावं. पुष्कळ निविदांत हाच साचा थोडा इकडेतिकडे करून येतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दस्तऐवजांत दोन कामांसाठी ५० ऐवजी ६० टक्के असतात. साचा ठाऊक झाला की कुठे बदल केलाय ते चटकन दिसतं, आणि कंत्राटदार बाहेर पडतो तो नेमका त्या बदलामुळेच.

उलाढालीच्या अटीत असे तीन शब्दप्रयोग आहेत. एका निविदेत “मागच्या तीन वर्षांची सरासरी” असते, दुसरीत “मागच्या तीन वर्षांपैकी प्रत्येक वर्षी”, तिसरीत “मागच्या पाच वर्षांपैकी कोणत्याही एका वर्षी”. आकडा तोच असला तरी यात पात्रतेची तीन वेगळी दारं आहेत. ऐरोलीच्या एका कंत्राटदाराचं उदाहरण घेते, कारण त्यांच्या एकाच निविदेत आमचं जवळजवळ सगळं काम आलं.

सप्टेंबर २०२४ ची निविदा होती. आरसीसी गटार आणि पायवाट, अंदाजपत्रकीय रक्कम ८० लाख, मुदत पावसाळा धरून १२ महिने. ते आले तेच म्हणाले, “वर्षाला ३० लाखांच्या पुढेच आहे आपली उलाढाल.” हा आकडा त्यांनी बँकेच्या पासबुकातल्या जमा रकमांवरून काढला होता. छोट्या कंत्राटदारांपैकी निम्मे तरी असंच करतात. बिलावर लावलेला जीएसटी बँकेत येतो, पण तो उलाढालीत धरायचा नसतो. उलट बिलातून कापलेला टीडीएस बँकेत येत नाही, तरी तो उलाढालीचाच भाग असतो. म्हणून पासबुक बाजूला ठेवून नफा-तोटा पत्रक मागवलं. त्यात २०२१-२२ चे १९ लाख, २०२२-२३ चे २६ आणि २०२३-२४ चे ३६ लाख निघाले. बेरीज ८१, सरासरी २७ लाख. ८० लाखांचे ३० टक्के म्हणजे २४ लाख. अट सरासरीची होती, म्हणून ते बसले. तिथे “प्रत्येक वर्षी” असतं तर १९ लाखांच्या वर्षाने त्यांना पहिल्याच ओळीत बाहेर काढलं असतं.

मग कामं पाहिली. ८० लाखांचे ४० टक्के म्हणजे प्रत्येकी ३२ लाख. जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण झालेलं ३४ लाखांचं आणि मार्च २०२४ मध्ये संपलेलं ३३ लाखांचं, अशी दोन त्यांच्याकडे होती. तिसरं २७ लाखांचं, मार्च २०२० मध्ये पूर्ण केलेलं. “हे कमी पडतंय, सोडून द्या,” असं म्हणून ते उठायला लागले होते.

त्यांना बसवून ठेवलं ते दोन पानं पुढच्या एका वाक्याने. जुन्या कामाची किंमत आजच्या पातळीवर आणण्यासाठी पूर्ण झाल्याच्या तारखेपासून निविदा भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत दर साल ७ टक्के सरळ वाढ धरावी, असं त्या दस्तऐवजात होतं. मार्च २०२० ते सप्टेंबर २०२४ म्हणजे साडेचार वर्षं, वाढ साडेएकतीस टक्के. २७ लाखांचे साडेपस्तीस लाख झाले आणि तिसरं कामही ३२ च्या वर गेलं. हे कलम प्रत्येक निविदेत नसतं. नसेल तिथे २७ म्हणजे २७च. पण असेल तर ते अटीच्या शेजारी क्वचितच सापडतं. म्हणून आम्ही फक्त पात्रतेचं पान घेऊन भाषांतर करायचं नाही असं ठरवलं आहे. माणूस घाईत असला तरी पूर्ण दस्तऐवज मागतो.

ते २७ लाखांचं काम एका खासगी औद्योगिक वसाहतीतल्या गटाराचं होतं. निविदेतल्या व्याख्येप्रमाणे आरसीसी गटार हे ‘समान काम’ होतंच. मात्र खासगी कामाच्या दाखल्यासोबत टीडीएसचा पुरावा जोडावा अशी अट होती. प्राप्तिकर खात्याच्या २६ एएस या पत्रकात त्यांच्या नावावर ती कपात दिसत होती, म्हणून काम धरलं गेलं. रोखीत केलेलं काम असतं तर दाखला असूनही उपयोग झाला नसता.

आता राहिलं ते सूत्र. पुष्कळ जण ते अक्षरांमध्ये आहे म्हणून ओलांडून जातात: A×N×2.5−B, आणि उत्तर अंदाजपत्रकीय रकमेइतकं किंवा जास्त यायला हवं. निविदा पेलण्याची क्षमता मोजायची ही रीत आहे. A म्हणजे मागच्या पाच वर्षांतली एका वर्षातली सर्वांत मोठी बांधकामाची उलाढाल. N म्हणजे कामाची मुदत, पण वर्षांत. इथे लोक १२ महिन्यांची मुदत म्हणून १२ लिहितात. लिहायचा असतो १. गुणक कुठे २ असतो, कुठे अडीच, कुठे ३, तो त्या त्या निविदेतच बघायचा.

त्यांनी घरी हिशेब करून आणला होता. ३६ गुणिले १ गुणिले अडीच म्हणजे ९०. त्यातून हातातल्या कामाचे २२ लाख वजा केले होते. उरले ६८, म्हणजे अपात्र. कागद माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले, “बघा, इथे अडलं.”

मी मूळ वाक्य पुन्हा वाचलं. B म्हणजे “या निविदेच्या मुदतीत पूर्ण करावयाच्या, हाती असलेल्या कामांची किंमत”. म्हणजे मोजायचं ते काम अजून व्हायचं बाकी असलेलं. झालेल्या कामाचा भार कंत्राटदाराच्या अंगावर उरलेला नसतो.

“दादा, त्या २२ लाखांच्या कामातलं किती झालं?”

“चौदाची बिलं निघाली. आठ बाकी असेल.”

९० मधून ८ गेले, उरले ८२. अंदाजपत्रकापेक्षा दोन लाख वर. बाकी ८ लाखांचा दाखला त्या कामावरच्या अभियंत्याकडून लेखी आणायला मी सांगितलं, कारण तोंडी आकडा लिफाफ्यात जात नाही. तो मिळाला नसता तर भरू नका असंच मी म्हटलं असतं. आणि मुदत नऊ महिन्यांची असती तर N पाऊण झाला असता, ९० चे साडेसदुसष्ट झाले असते आणि दाखला आणूनही हाती काही लागलं नसतं. कमी मुदतीच्या कामात छोटा कंत्राटदार इथेच अडकतो, आणि त्याला वाटत राहतं की आपली उलाढाल कमी पडली.

एक प्रश्न मात्र भाषांतराने सुटण्यासारखा नव्हता. निविदेत “लेखापरीक्षित ताळेबंद” मागितला होता आणि त्यांचं विवरणपत्र अंदाजे उत्पन्नाच्या योजनेत जायचं, म्हणजे लेखापरीक्षण झालेलंच नव्हतं. मी ‘लेखापरीक्षित’ऐवजी सौम्य शब्द घातला असता तर त्यांना बरं वाटलं असतं, पण अट तीच राहिली असती. निविदापूर्व बैठकीसाठी आम्ही दोन ओळींचा लेखी प्रश्न तयार करून दिला: लेखापरीक्षण बंधनकारक नसलेल्या बोलीदाराकडून सनदी लेखापालाचं यूडीआयएनसह उलाढाल प्रमाणपत्र चालेल का? उत्तर शुद्धिपत्रकात आलं, चालेल. १ फेब्रुवारी २०१९ पासून लेखापालांच्या प्रमाणपत्रांवर यूडीआयएन हा अठरा अंकी क्रमांक लागतोच, आणि udin.icai.org वर तो कुणालाही पडताळता येतो. दुसऱ्या एखाद्या कार्यालयाने नाही म्हटलं असतं तर तिथेच थांबावं लागलं असतं. पण बयाणा भरायच्या आधी थांबता आलं असतं.

आज आम्ही तिघं आहोत आणि प्रत्येक निविदेसाठी एकच कागद देतो. डाव्या बाजूला अट मराठीत, मूळ दस्तऐवजाच्या पान-क्रमांकासह. मग तिचे रुपये. मग कोणता पुरावा लागेल. शेवटचा रकाना रिकामा असतो, त्यावर लिहिलेलं असतं “तुमचा आकडा”. तो आम्ही मुद्दाम भरत नाही, तो कंत्राटदाराने समोर बसून, फाइल उघडून भरायचा. आमची फी कागदाची असते. निविदा भरली की नाही, मिळाली की नाही, यावर ती अवलंबून नाही. तशी ठेवली तर “बसता तुम्ही” म्हणायचा मोह होईल, आणि मला तो नको.

ऐरोलीच्या त्या कंत्राटदारांनी निविदा भरली. तांत्रिक लिफाफ्यात ते पात्र ठरले, आर्थिक लिफाफ्यात दुसऱ्याचा दर त्यांच्याहून कमी निघाला. दोन महिन्यांनी ते नवी निविदा घेऊन आले तेव्हा बसायच्या आधीच म्हणाले, “ताई, B चा दाखला आणलाय. पाच बाकी आहेत.”