नाईटचा आठवडा आणि झोपेची वही

वाळूजला कंपनीत सीएनसी मशीनवर आहे, सात वर्षं झाली. आठवड्याला शिफ्ट बदलते. नाईट रात्री ११ ते सकाळी ७. कंपनीची बस पावणेआठला घराजवळ सोडते. घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रे.

मार्चमधली गोष्ट. पहाटे साडेचारला टूलचा ऑफसेट टाकताना ०.०५ ऐवजी ०.५ टाकला. टूलच्या टोकाचा इन्सर्ट फुटला, मशीनवरचा पार्ट वाया गेला. सुपरवायझर बोलला ते मी गिळलं, पण त्याच दुपारी घरी लेकीच्या हातून स्टीलचं ताट पडलं आणि मी तिच्यावर असा ओरडलो की ती शेजारच्या काकूंकडं जाऊन बसली. बायको एवढंच म्हणाली, "अहो, लेकरं घाबरायलेत तुम्हाला."

कंपनीत आठवड्यातून दोनदा डॉक्टर बसतात. मी झोपेची गोळी मागायला गेलो होतो. त्यांनी गोळी दिली नाही, वही करायला सांगितली. किती वाजता पडलो, किती वाजता उठलो, कशामुळं उठलो, एवढंच लिहायचं, आठ दिवस.

मला वाटत होतं मी सात तास झोपतो. वही म्हणाली साडेचार, तेही तुकड्यातुकड्यांत. घरी आल्यावर चहा, पोहे, मोबाईल, असं करत पडायलाच दहा वाजायचे. साडेअकराला कुरियरचा फोन. एकला पत्रे तापले की घामानं जाग. आठवड्यानं येणारा नळ नेमका त्याच वेळी आला की आईची हाक, "उठ रं, मोटर लाव." त्यात घरच्यांचा दोष नव्हता. मी नक्की कधी झोपलेलो असतो, हे त्यांना कधी ठरवून सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांनी वही बघून समजावलं ते असं. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. नाईट केली म्हणून ते आठवड्यात फिरत नाही. दुपारकडं अंग आपोआप जागं होत जातं, म्हणून दहाला पडणाऱ्याची झोप अपुरीच राहते. तेव्हा पहिली झोप लवकर धरायची आणि ती ठरल्या वेळेलाच घ्यायची. उरलेली दुपारी, वेगळी.

मग बसमध्ये काळा गॉगल आणि टोपी घालायला लागलो. सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की झोप उशिरा लागते. (बस आहे म्हणून हे चालतं. गाडी चालवणाऱ्यानं पेंगत असताना गॉगल लावू नये.) लोक हसले, हसू द्या. घरी आल्यावर थोडंसं खाऊन साडेआठला आडवा, साडेबाराला उठायचं. खिडकीला जुनी काळी चादर खिळ्यांनी ठोकली, कूलर चालू. त्याच्या घरघरीत बाहेरचा आवाज दबतो, हा फायदा आधी लक्षातच आला नव्हता. फोन बायकोकडं. मोटर लावायला आई शिकली, आता माझ्याआधी तीच बटणापाशी असते.

दुसरी झोप मी आधी रात्री आठला घेऊन बघितली. लागेचना. त्या वेळेला अंग सगळ्यात जागं असतं म्हणे. मग ती साडेतीन ते पाच केली. पाचला लेकरं शाळेतून येतात, रात्रीचं जेवण सगळे एकत्र करतो, दहाला बस. दोन्ही मिळून साडेपाच तास होतात. दिवसाच्या झोपेत याच्यापुढं माझी मजल गेली नाही. चहा रात्री दोननंतर बंद केला. पहिले चार दिवस डोकं ठणकलं, पण सकाळी पडल्या पडल्या डोळा लागायला लागला.

एक नियम बायकोचा. उठल्यावर अर्धा तास मला कुणी काही विचारायचं नाही, पैशाचं तर नाहीच. गाढ झोपेतून उठल्यावर डोकं मागंच राहिलेलं असतं आणि आमची बहुतेक भांडणं त्याच अर्ध्या तासातली होती. वहीच्या मागच्या पानावर तिनं तसं लिहूनही ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

सगळं सुटलं असं नाही. आमची शिफ्ट उलटी फिरते, नाईटनंतर सेकंड, मग फर्स्ट. सरळ फिरवली, म्हणजे फर्स्ट, सेकंड, नाईट, तर अंगाला सोपं जातं, कारण झोप पुढं ढकलता येते, मागं ओढता येत नाही. आम्ही अकरा जणांनी तसा अर्ज दिलाय. "बघू," म्हणालेत. शेजारच्या मशीनवरचा पोरगा एवढं सगळं करूनही दिवसभर पेंगतो, बायको म्हणते फार घोरतो. त्याला डॉक्टरांनी तपासणीला घाटी दवाखान्यात पाठवलंय. ते वहीनं भागणारं प्रकरण नाही.

शनिवारची शेवटची नाईट संपली की रविवारी सकाळी दोनच तास झोपतो, मग रात्री दहाला सगळ्यांबरोबर. तो रविवार कसाबसा जातो. मागच्या रविवारी जेवताना ताटावरच पेंगलो. लेकीनं हळूच वाटी बाजूला सरकवली.