३३ व्या वर्षी बीपी आणि कारण निघालं किडनीच्या धमनीत

मला ३३ व्या वर्षी बीपी निघालं, १६८/१०४. वजन नॉर्मल, घरात कोणाला एवढ्या लवकर बीपी नाही, तरी वर्षभर सगळे टेन्शन घेऊ नका म्हणत राहिले आणि गोळ्या एकाच्या तीन झाल्या, तरी वरचा आकडा १५० च्या खाली येईना.

मग नवीन डॉक्टरांनी पोटावर, बेंबीच्या जरा वर बाजूला स्टेथो ठेवून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले सूं सूं असा आवाज येतोय, किडनीची धमनी अरुंद झालेली असू शकते. जुने रिपोर्ट काढले तर पोटॅशियम ३.२, तेही लघवीची गोळी सुरू व्हायच्या आधीचं, म्हणजे गोळीमुळे कमी झालं असं म्हणता येत नव्हतं. त्यांनी समजावलं की धमनी अरुंद झाली की किडनीला वाटतं शरीरातच रक्त कमी पडलंय, मग ती रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते, त्यातून बीपी चढतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं.

रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, म्हणजे डॉपलर, नॉर्मल आला होता, पण धमनीचा मधला भाग त्यात नीट दिसलाच नव्हता आणि माझा आजार नेमका तिथेच होता. सीटी अँजिओत उजवी धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसली, हे फायब्रोमस्क्युलर डिसप्लेजिया, म्हणजे धमनीच्या भिंतीचीच वाढ बिघडते तो आजार, बहुतेक बायकांमध्येच सापडतं. कोलेस्टेरॉलचा थर वेगळा, तो उतारवयात आणि धमनीच्या तोंडाशी जास्त साचतो.

माझ्या सासऱ्यांच्या किडनीच्या धमनीत तो कोलेस्टेरॉलचा थरच आहे, म्हणून मी विचारलं त्यांचीही धमनी उघडायची का, तर डॉक्टर म्हणाले नाही, त्यांचं बीपी गोळ्यांनी आटोक्यात आहे आणि मोठ्या अभ्यासांत अशा पेशंटना स्टेंटचा गोळ्यांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. पुन्हा पुन्हा अचानक फुप्फुसात पाणी भरलं, भरपूर गोळ्या देऊनही बीपी हटलं नाही किंवा किडनी भराभर खालावली तरच विचार करायचा. माझं वय कमी, बीपी नुकतंच लागलेलं, म्हणून माझ्यात ते बरं व्हायची शक्यता चांगली होती.

जांघेतून नळी घातली. माळ डोळ्यांनी बघून अडथळा किती ते कळत नाही म्हणून आधी आतलं प्रेशर मोजलं, अडथळ्याच्या अलीकडे-पलीकडे २८ चा फरक होता, फुग्याने फुगवल्यावर ४ राहिला. स्टेंट टाकला नाही, या आजारात सहसा लागत नाही, धमनी फाटली वगैरे तरच.

सहा आठवड्यांनी १२६/८०, एका गोळीवर. हाच आजार मानेच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही असू शकतो म्हणून डोक्यापासून ओटीपोटापर्यंत एकदा स्कॅन झाला, तिथे काही नाही. धमनी परत आकसू शकते, त्यामुळे घरी बीपी लिहून ठेवते आणि सहा महिन्यांनी पुन्हा डॉपलर आहे, यावेळी मधला भाग दिसला का ते आधी विचारणार आहे.