फोटोत नसलेली पाठ

"तुमची गेममधल्या पात्रांची बरीचशी चित्रं फोटोवरून केलेली. मग गेम स्टुडिओला अर्ज करताना पत्रात लिहिता तरी काय? फोटोवर फिल्टर मारलाय असं नाही म्हणत ते?"

म्हणतात की! फोटो आणि चित्र शेजारी-शेजारी दिसलं की अर्ज चाळणाऱ्या आर्ट लीडला पहिली शंका तीच येते. म्हणून माझ्या पत्राचा मधला, सगळ्यात मोठा परिच्छेद एकाच चित्रावर असतो, आणि फोटोतलं काय सोडलं नि का सोडलं, एवढंच मी त्यात लिहिते. काय ठेवलं ते त्यांना दिसतंच.

मागच्या अर्जात मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारे आमच्या शेजारचे आबा होते. फोटो मीच मोबाइलवर काढलेला, भर दुपारी आणि अगदी जवळून. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं, कान मागे पडतात. तो नुसता गिरवला तर ती चूकही चित्रात उतरते, आणि सराईत नजर ती लगेच पकडते.

त्याहून मोठी अडचण उजेडाची. डोक्यावरचं ऊन डोळ्यांच्या खोबणीत काळोख भरतं, आणि वाळूवरून परतलेला उजेड हनुवटी खालून उजळवतो. फोटो म्हणून ते सुंदर दिसतं. पण गेममध्ये उजेड इंजिन, म्हणजे गेम चालवणारं सॉफ्टवेअर, पाडतं. दुपारच्या सावल्या पात्राच्या रंगातच मुरल्या असतील, तर तेच पात्र रात्रीच्या प्रसंगात उभं केल्यावर चेहरा मळका दिसतो. म्हणून मी आधी कातडीचा, बनियनचा, दोरीचा आपापला मूळ रंग सपाट भरते आणि उजेड वेगळ्या थरावर ठेवते. पत्रासोबत दोन्ही थर पाठवते. फिल्टरला हे वेगळं काढता येत नाही, त्यामुळे शंका बरीचशी तिथेच मिटते.

आता आकार. त्या स्टुडिओच्या गेममध्ये कॅमेरा वरून तिरका बघतो आणि पात्रं पडद्यावर छोटी दिसतात. खरा माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो. आबांना मी पाचांवर आणलं, खांदे आणि पंजे वाढवले. (चित्र दाखवल्यावर आबा म्हणाले, "माका बुटको केलंस गो!") मग आकृती पूर्ण काळी करून चौसष्ट पिक्सेल उंचीची केली. फोटोत दोरी छातीवरून जाते, त्यामुळे काळ्या आकृतीत ती गडपच झाली. उरला नुसता मागे रेललेला माणूस. तो दमलाय की पडतोय तेही कळेना. दोरीचं वेटोळं खांद्यावरून बाहेर काढलं, तेव्हा लहान आकारातही ओढणारा माणूस दिसायला लागला.

पत्र इंग्रजीत जातं, पण त्यातला मजकूर साधारण असा होता: "मूळ फोटो सोबत जोडला आहे. तो मी शेजारच्या खिडकीत उघडा ठेवला होता, कॅनव्हासखाली नाही. तुमच्या कॅमेऱ्यातून चेहऱ्यापेक्षा डोकं आणि खांदे जास्त दिसतात, म्हणून सुरकुत्या गाळून ओळख टॉवेल आणि दोरीवर ठेवली. पाठीची बाजू फोटोत नाही, ती मी रचली आहे."

त्यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात कामाचं वाटतं. चित्रावरून पात्राचं त्रिमितीय मॉडेल करणाऱ्याला समोरून, बाजूने आणि मागून अशी तीन दृश्यं लागतात, आणि असल्या गेममध्ये खेळणारा बराच वेळ पात्राची पाठही बघतो. फोटोने दिलेली बाजू कुणीही रंगवेल. न दिलेली बाजू हीच खरी परीक्षा. आबांच्या डोक्यावरच्या टॉवेलचं टोक मी मानेवर लोंबतं सोडलं, म्हणजे ते पाठमोरे असतानाही ओळखू येतात.

परवानगीची एक ओळ पत्रात असायलाच हवी. आपल्याकडे 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा हक्क साधारणपणे काढणाऱ्याचा असतो, फोटोतल्या माणसाचा नव्हे. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची गोष्ट वेगळी. इंटरनेटवरून उचललेल्या फोटोवर केलेलं काम मी पाठवतच नाही. माझ्या पत्रात लिहिलेलं असतं: फोटो माझा, आणि आबांना विचारून वापरलेला. चेहरा त्यांचा असल्यामुळे त्यांना विचारणं मला वेगळं गरजेचं वाटतं.

फोटोवरून केलेली कितीही चित्रं पाठवली तरी नुसत्या वर्णनावरून पात्र उभं करता येतं का, हे त्यातून कळत नाही, आणि स्टुडिओत काम बहुतेक तसंच येतं. म्हणून एक पात्र बिनफोटोचं जोडते आणि ते कुठल्या वर्णनावरून केलं ते दोन ओळींत लिहिते. अख्खं पत्र अर्ध्या पानाचं. लहानपणापासून गेमची आवड वगैरे त्यात नसतं. ती तर प्रत्येक अर्जदाराला असते.