चुकतंय ते जूनमध्ये

“ताई, तुमच्या त्या पोस्टमधलं 50-30-20 आमच्या बेचाळीस हजारांत बसतच नाही. चुकतंय कुठं?”

खरं सांगायचं तर थोडं माझंही चुकलंय. त्या कॅरोसेलच्या दुसऱ्या स्लाइडवर मी महिन्याच्या कमाईचा गोल काढून त्याचे तीन रंगीत तुकडे केले: गरजा निम्म्या, हौस तीस टक्के, बचत वीस. दिसायला छान, म्हणून लोकांनी तीच सेव्ह केली. वर्षाच्या खर्चाचा तक्ता पाचव्या स्लाइडवर होता, तिथवर कुणी सरकलंच नाही. हा हिशेब अमेरिकेतला, एलिझाबेथ वॉरेन आणि त्यांच्या मुलीनं 2005 मध्ये मांडलेला. सांगलीच्या विश्रामबागेतलं भाडं आणि सासूबाईंची औषधं त्यांच्यासमोर नव्हती.

मागच्या महिन्यात आमच्या ओळखीतली एक जण वही घेऊनच आली. नवऱ्याचा हातात येणारा पगार 34,000 आणि तिच्या शिकवण्यांचे 8,000, मिळून तुमच्यासारखेच 42,000. गरजांच्या पानावर भाडं 8,000, किराणा-दूध-भाजी 9,500, गॅस, वीज आणि मोबाईल मिळून 2,600, पेट्रोल 1,800, औषधं 1,500, गाडीचा हप्ता 2,600. बेरीज 26,000. हौसेला साधारण 8,000 जातात, म्हणजे उरले 8,000. “मग वीस टक्के जवळजवळ होतातच की,” ती म्हणाली, “पण दरवर्षी जूनमध्ये एफडी मोडावी लागते.”

मी विचारलं, शाळेची फी कुठं लिहिलीय? ती म्हणाली, “ती महिन्याची नसते ना.”

झालं. फी वर्षाला 24,000, घरच्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता 18,000, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग 6,000. एकूण 48,000. बारांनी भागलं की महिन्याला 4,000. म्हणजे गरजा 26,000 नाहीत, 30,000 आहेत, जवळपास एकाहत्तर टक्के. आणि बचत म्हणून जे 8,000 दिसत होते, त्यातले निम्मे आधीच शाळेचे आणि विमा कंपनीचे होते. हे ओळखायची सोपी खूण आहे. यंदाच्या जूनअखेरची शिल्लक मागच्या जूनअखेरच्या शिल्लकेशी ताडून बघा. बाजूला टाकलेत म्हणता तेवढी ती वाढलेली नसेल, तर तुम्ही बचत करत नव्हता, फी साठवत होता.

त्या 4,000 साठी वेगळं बचत खातं उघडा. आरडी इथं नको. फी जूनमध्ये, विमा ऑक्टोबरमध्ये, आणि आरडी मध्येच मोडली की व्याज कमी मिळतं.

राहिले 12,000. आम्ही दोघींनी ते 6,000 हौस आणि 6,000 बचत असे पाडले. बचतीचे पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप दुसऱ्या खात्यात जातील असं लावून टाकलं. म्हणजे 71, 14, 14. गोल वाकडा दिसतो, पण आकडे खरे आहेत. मी माझं मत म्हणून सांगते, या पगारात निम्म्यात गरजा बसवायच्या म्हणून दूध कमी करू नका.

भांडण झालं ते आहेरावरून. लग्नसराईत महिन्याला चार पाकिटं जातात. ती म्हणे गरज, नवरा म्हणे हौस. माझी कसोटी अशी की, दोन महिने पगार आला नाही तर जो खर्च थांबवाल ती हौस. आहेर थांबेल, निदान पाकीट पातळ होईल. म्हणून तो 6,000 मध्येच.

बचतीतलं पहिलं काम तीन महिन्यांच्या गरजांचा साठा, म्हणजे 90,000. महिन्याला 6,000 नी पंधरा महिने लागतील. तिला हे फार वाटलं. मग मी 2019 चा ऑगस्ट आठवून दिला, कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी 45 असताना. त्या दिवसांत हातात पैसे होते त्यांचं निभावलं. ती म्हणाली, भिशी आहे की! भिशी वाईट नाही, पण ती तुमच्या नंबरला येते, पुराच्या नंबरला नाही.

ऊसवाल्या घरांना मात्र हा महिन्याचा गोल लागूच पडत नाही. तिथं बिल आलं की पुढचं बिल येईपर्यंतच्या महिन्यांनी भागायचं आणि तोच आपला पगार समजायचा.

तिच्या गाडीचे अकरा हप्ते उरलेत. ते संपले की 2,600 मोकळे होतील आणि बचत 8,600 वर जाईल, म्हणजे वीस टक्क्यांच्या किंचित वरच. फक्त त्याच महिन्यात घरात नव्या टीव्हीचं बोलणं निघतं, हा माझ्या घरचाच अनुभव. म्हणून शेवटच्या हप्त्याची तारीख तिनं आत्ताच कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केलीय, आणि नवऱ्याला अजून सांगितलेली नाही.