कुवेतहून परतून काजूप्रक्रिया : पैसा नेमका कुठे लागला

कुवेतमध्ये बॉयलरच्या देखभालीत बरीच वर्षे काढून मी सिंधुदुर्गात कायमचा परत आलो, तेव्हा होम-स्टेपासून हॉटेलपर्यंत सर्व सल्ले मिळाले. त्यांपैकी वाफेशी संबंध असलेला उद्योग काजूप्रक्रियेचाच होता, म्हणून तो निवडला. बँकेला परतल्याचे कळवून अनिवासी भारतीयांसाठीचे एनआरई खाते निवासी करून घेतले. परकीय चलनातील एफसीएनआर ठेव मात्र मुदत संपेपर्यंत तशीच ठेवता येते, ती मोडली नाही.

बी उकडणे, फोडणे, बोर्मा या गरम हवेच्या भट्टीत गर वाळवणे, साल काढणे आणि प्रतवारी ही कामे वर्षभर चालतात, पण स्थानिक बी साधारण मार्च ते मे एवढ्याच काळात मिळते. दिवसाला १०० किलो बी फोडायचे आणि वर्षात २०० दिवस काम चालवायचे, तर २० टन बी हंगामातच घेऊन ठेवावे लागते. किलोला १२० रुपये भाव धरला, तरी हे २४ लाख रुपये होतात, म्हणजे माझ्या यंत्रांच्या किमतीहून जास्त. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळत होते. पण ते कर्जाशी जोडलेले होते आणि खेळत्या भांडवलासाठी नव्हते. त्यामुळे यंत्रांसाठी कर्ज काढले आणि बचत बियांसाठी राखली. उलटे करणारे अनेक जण जूननंतर यंत्रे झाकून बसतात.

खरेदीत मी फक्त गराचा उतारा पाहतो. प्रत्येक ढिगातील निरनिराळ्या पोत्यांतून मिळून किलोभर बी काढायचे, अडकित्त्याने फोडायचे, कुजका व किडका गर वेगळा करून चांगला तेवढा तोलायचा. एका व्यापाऱ्याचे बी १२० रुपयांना होते आणि किलोमागे २८० ग्रॅम गर निघाला, तर दुसऱ्याचे ११५ रुपयांचे बी २४० ग्रॅमच देत होते. हिशेब केला तर पहिल्याचा गर किलोला सुमारे ४२९ रुपयांना आणि ‘स्वस्त’ बियांचा सुमारे ४७९ रुपयांना पडत होता. व्यापारी या चाचणीला कुरकुरतात, पण करू देतात.

बी नीट वाळले नसेल, तर पावसाळ्यात गर काळवंडतो. मूठभर बी हलवल्यावर खडखडले नाही, तर ते पुन्हा उन्हात टाकावे. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत.

बॉयलरच्या अनुभवाचा उपयोग उकडण्यात झाला. वाफ कमी पडली की टरफल चिवट राहते आणि फोडताना गराच्या पाकळ्या होतात. जास्त झाली की गर पिवळसर पडतो. अखंड पांढरा गर आणि तुकडा यांच्या भावात मोठा फरक असल्याने दाब व वेळ यांची नोंद मी ढीगनिहाय ठेवतो. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूच्या जातींचे बी आकाराने सारखे नसते, म्हणून ते एकत्र उकडत नाही.