600 सॅटचा हट्ट

तक्रार जेमतेम तीन वाक्यांची होती. "वॉलेटमध्ये 13,800 सॅट दिसतायत. त्यातले 10,000 पाठवायला गेलो तर `Insufficient funds` येतं. तुम्ही दिलेले पैसे खरे आहेत ना?"

तेव्हा मी एका छोट्या संकेतस्थळाच्या मदतकक्षात काम करत होते. लोक आमच्यासाठी व्हिडिओंची उपशीर्षकं तपासायचे आणि आम्ही दर आठवड्याला त्यांना बिटकॉइनमध्ये मोबदला द्यायचो. रकमा चिमुकल्या, म्हणून सगळा हिशेब सॅटोशीत, बोलताना नुसतं सॅट. एका बिटकॉइनचे 10 कोटी सॅट होतात.

पैसे खरेच होते. ब्लॉक एक्स्प्लोररवर, म्हणजे बिटकॉइनचे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, त्यांचा पत्ता टाकला तर आमच्याकडून गेलेल्या 23 रकमा ओळीने दिसल्या, प्रत्येकी 600 सॅटच्या, सगळ्या कन्फर्म झालेल्या. मी तसं कळवलं आणि सुचवलं, की फी धरून रक्कम बसत नसेल, थोडी कमी करून बघा. हा सल्ला मी डझनभर लोकांना दिला होता आणि बहुतेकांचं काम त्यावर भागलं होतं.

तासाभराने उत्तर आलं. त्यांनी 5,000 पाठवून पाहिले, नकार. 500 पाठवून पाहिले, नकार. शेवटी चिडून 200 टाकले, तेव्हा नकाराचा मजकूरच बदलला: रक्कम फार लहान आहे. "म्हणजे 10,000 पाठवायला पैसे कमी पडतात आणि 200 पाठवायचे तर ते फारच थोडे होतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ऐकलं होतं, इथे तर कोंबडीच मिळेना."

200 चं कोडं सोपं होतं. काही शे सॅटपेक्षा लहान रकमेला बिटकॉइनच्या जगात धूळ म्हणतात. `bc1q` ने सुरू होणाऱ्या साध्या पत्त्यासाठी ही हद्द 294 सॅट आहे. त्याखालचा व्यवहार नेटवर्कवरचे संगणक सहसा पुढे सरकवतच नाहीत, म्हणून वॉलेट तो आधीच अडवतं. पण 13,800 शिल्लक असताना 500 का जाऊ नयेत, हे मला सांगता येईना. तक्रार घेऊन मी पेमेंटचं काम बघणाऱ्या सहकाऱ्याकडे गेले.

त्याने आधी विचारलं, "किती तुकडे आहेत?"

"23."

"मग शिल्लक बघू नकोस. तुकडे बघ."

बिटकॉइनच्या वॉलेटमध्ये 13,800 अशी एक रक्कम नसतेच. आलेला प्रत्येक भरणा वेगळा पडून राहतो, थैलीतल्या नाण्यासारखा. पडद्यावरचा आकडा ही वॉलेटने करून दाखवलेली बेरीज. पैसे पाठवताना त्यातली नाणी एकेक करून व्यवहारात घालावी लागतात आणि प्रत्येक नाण्यासोबत त्याच्या मालकीचा पुरावा, म्हणजे सही, जोडावी लागते. त्याने व्यवहाराचा आकार वाढतो. व्यवहारांचे गठ्ठे, म्हणजे ब्लॉक, बिटकॉइनच्या नोंदवहीत चढवणारे मायनर फी घेतात ती या आकारावर. रक्कम किती आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. आकार मोजायचं माप व्हर्च्युअल बाइट, बोलण्यात व्हीबाइट.

कागद ओढून त्याने हिशेब मांडला. या प्रकारच्या पत्त्यावरचं एक नाणं खर्चायला सुमारे 68 व्हीबाइट लागतात. पैसे ज्याला जाणार त्याच्या नोंदीला 31, आणि व्यवहाराच्या चौकटीला 11. त्या दिवशी दर चालू होता व्हीबाइटला 20 सॅट. म्हणजे एक नाणं व्यवहारात घालण्याचाच खर्च 1,360 सॅट, आणि नाणं 600 चं.

मला तिथेच कळलं. तरी त्याने पुढे मांडलंच. एका नाण्यातून 500 पाठवायचे तर व्यवहार 110 व्हीबाइटचा, फी 2,200. कमी पडतंय म्हणून वॉलेट दुसरं नाणं घेतं, तर 600 ची भर पडते आणि फी 1,360 ने वाढते. तिसरं घ्या, चौथं घ्या, खड्डा वाढतच जातो. सगळी 23 नाणी घातली तर आकार 1,606 व्हीबाइट आणि फी 32,120 सॅट, शिल्लक रकमेच्या दुपटीहून जास्त. रक्कम कमी करून बघा हा माझा सल्ला इथे कुचकामी होता, कारण अडचण रकमेत नव्हतीच.

"हेच 13,800 त्यांना एकदम मिळाले असते तर?" मी विचारलं.

"एक नाणं. 110 व्हीबाइट. 2,200 फी जाऊन 11,600 हातात."

मी गप्प बसले. कारण ते तुकडे माझ्यामुळे पडले होते.

आमची पैसे काढण्याची किमान मर्यादा पूर्वी 5,000 सॅट होती. आमचेच पैसे अडवून का ठेवता, अशी ओरड रोज माझ्याकडे यायची. बैठकीत मीच भांडून ती 600 वर आणली होती. आम्हाला ते परवडतही होतं. शेकडो लोकांचे भरणे आम्ही एकाच व्यवहारात बांधून पाठवायचो, त्यामुळे एका माणसामागे आमच्या वाट्याला येत ते जेमतेम 31 व्हीबाइट. तेच नाणं खर्चताना घेणाऱ्याला मात्र 68 मोजावे लागतात. द्यायला स्वस्त, खर्चायला महाग. ही तफावत बैठकीत कोणीच मांडली नाही. माझ्या डोक्यात तर आलीही नव्हती.

त्या गृहस्थांना मी हे सगळं लिहून पाठवलं, मर्यादेच्या भांडणासकट. उपाय एकच होता, वाट बघण्याचा. 600 भागिले 68 म्हणजे पावणेनऊच्या आसपास. दर त्याच्या वर असेल तोवर त्यांचं प्रत्येक नाणं तोट्यात. खाली आला की सगळी नाणी एका व्यवहारात स्वतःच्याच नव्या पत्त्यावर पाठवून त्यांचं एक नाणं करायचं. 8 च्या दराने केलं तर 952 सॅट उरतात, 3 ने 8,982, आणि 1 ने 12,194. मेमपूल, म्हणजे ब्लॉकमध्ये जागा मिळण्याची वाट बघणाऱ्या व्यवहारांची रांग, रिकामी होत आली की दर पडतो. शनिवार-रविवारी बरेचदा असं होतं, पण भरवसा नाही. 20 एप्रिल 2024 ला, मायनरांना प्रत्येक ब्लॉकमागे मिळणारं बक्षीस निम्मं होतं त्या हाव्हिंगच्या दिवशी, रून्स नावाचे नवे टोकन काढायला झुंबड उडाली आणि दर व्हीबाइटला शेकड्यांत गेला. तो दिवस शनिवारच होता.

त्यांचं उत्तर एका शब्दाचं आलं: "बघतो." नंतरच्या तिसऱ्या रविवारी पुन्हा निरोप आला. 3 च्या दराने पाठवलेला व्यवहार रात्रभर अडकून सकाळी कन्फर्म झाला होता. 13,800 चे 8,982 झाले होते. आभार वगैरे नव्हते, आणि मला ते रास्तच वाटलं.

पुढच्या बैठकीत मी मर्यादा 20,000 वर न्यायला सांगितलं. लहान रकमांसाठी लाइटनिंगची, म्हणजे बिटकॉइनवरच उभारलेल्या स्वस्त भरण्यांच्या जाळ्याची, सोय करायचंही ठरलं, पण तिला वेळ लागणार होता. मर्यादा मात्र दुसऱ्याच दिवशी बदलली आणि दुपारपर्यंत चाळीसेक तक्रारी आल्या. त्यातल्या एकीत, मर्यादा 600 वर आणली तेव्हा मी सर्वांना पाठवलेलं पत्र अवतरणचिन्हांत डकवलं होतं: "तुमचे पैसे तुम्हाला हवे तेव्हा मिळायला हवेत." खाली नुसतं प्रश्नचिन्ह.

मी उत्तर लिहायला घेतलं. पहिला आकडा 68.